‘फोटो टाका, मजकूर घ्या’ म्हणणाऱ्यांना

मराठी पानाचा फोटो चढवायचा, बटण दाबायचे आणि टंकलेला मजकूर उचलायचा, यात शिकवण्यासारखे आहेच काय, असा सवाल एका जाणकार गृहस्थांनी अलीकडे चारचौघांत केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्र आता देवनागरी वाचते. कुठे चुकलेच, तर दोष फोटोचा. फोटो चांगला असूनही चुकले, तर दोष मराठीत इंग्रजी घुसडणाऱ्या लेखकाचा. आणि उरलेसुरले शुद्धलेखन तपासनीस बघून घेईल. म्हणजे दोष सगळ्यांच्या पदरात पडतो, फक्त गृहस्थांच्या आणि यंत्राच्या तेवढा नाही.

फोटोचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो देऊन टाकू. पान वाकडे असेल, बांधणीजवळ ओळी वळल्या असतील किंवा फ्लॅशचा पांढरा डाग मधोमध पडला असेल, तर कुणालाच वाचता येणार नाही. गुगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते डॉक्समध्ये उघडणाऱ्यांसाठी गुगलच्याच सूचना आहेत: फाइल २ एमबीपर्यंत, अक्षरांची उंची किमान १० पिक्सेल आणि पान सरळ उभे. हल्लीच्या मोबाइलचा फोटो सहज २ एमबीच्या वर जातो, हे नवशिक्याला कुणी सांगत नाही.

आता मिश्र मजकुराकडे येऊ, कारण माझे खरे भांडण तिथे आहे. जुन्या कृषी-पत्रकात असते तशी एक ओळ घ्या: ‘कार्बेन्डाझिम 50 WP १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे.’ ही ओळ कुणी भाषा भ्रष्ट करायला लिहिलेली नाही. औषधाच्या पुड्यावर ‘50 WP’ असेच छापलेले असते, आणि दुकानदाराला दाखवायचे तर तसेच लिहावे लागते. माणूस ही ओळ न अडखळता वाचतो. यंत्रापुढे मात्र एका ओळीत दोन लिप्या आणि दोन प्रकारचे आकडे आहेत.

टेसरॅक्ट हे फुकट मिळणारे, सगळ्यांना उघडून पाहता येणारे वाचनयंत्र उदाहरणादाखल घेऊ. त्याला दोन भाषा सांगायच्या असतील तर आज्ञा अशी द्यावी लागते:

```
tesseract pan.png pan -l mar+eng --psm 6
```

यातला `mar+eng` हा भाग बघा. पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी. यंत्र आधी मराठीच्या चष्म्यातून वाचते. एखाद्या शब्दाबद्दल त्याची खात्री पटली नाही, तर इंग्रजीच्या चष्म्यातून बघते आणि ज्या वाचनाची खात्री जास्त तेच ठेवते. निवड होते ती शब्दाशब्दाला. ‘कार्बेन्डाझिम’ लांब आहे, शिरोरेषेखाली एकसंध आहे, तिथे सहसा घोटाळा होत नाही. ‘WP’ला शिरोरेषाच नाही, म्हणून तेही बहुतेक वेळा निभावते. गोची होते ती एकट्या ‘१’ची. आकड्यांना शिरोरेषा नसते. देवनागरी १ आणि रोमन 9 यांचे रूप इतके जवळचे, की बारीक टाइपात ‘WP १’चे ‘WP 9’ होणे अगदी शक्य आहे. त्याच चालीने ‘४’चा 8 होतो आणि ‘५’चा 4. म्हणजे एक ग्रॅमचे नऊ ग्रॅम! कुठेही लाल रेघ उमटत नाही, कारण 9 हा शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष आहे. शुद्धलेखन तपासनीसावर भिस्त ठेवणाऱ्या गृहस्थांनी यावर काय ते सांगावे.

काही आकडे स्वतःच चहाडी करतात. ‘१५ लिटरच्या पंपाला’चे ‘95 लिटरच्या पंपाला’ झाले, तर पाठीवर पंप बांधणारा शेतकरी हसेल आणि चूक पकडेल. त्याच पत्रकात दर लिटरला ५ ग्रॅम आणि पंपाला ७५ ग्रॅम असे दोन्ही दिले असेल, तर गुणाकार करून पाहता येतो. पण एकटा ‘१’ असा काही पुरावा देत नाही. तिथे मूळ चित्र डोळ्यांपुढे धरण्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण याहून मराठी. आपण इंग्रजी शब्दाला प्रत्यय जोडतो आणि मध्ये जागा सोडत नाही: ‘pHप्रमाणे’, ‘PDFमध्ये’, ‘NPKचे’. हा अर्धा रोमन, अर्धा देवनागरी शब्द शब्दाशब्दाला भाषा निवडणाऱ्या यंत्राने कोणत्या भाषेत टाकावा? मराठीत टाकला तर ‘pH’ची काहीतरी मराठी अक्षरे होतात, इंग्रजीत टाकला तर ‘प्रमाणे’चा रोमन कचरा होतो. याला एक बरा उतारा आहे: भाषेऐवजी लिपीचे मॉडेल द्यावे, `-l script/Devanagari`. त्याच्या शिकवणीत देवनागरीसोबत रोमन अक्षरेही घातलेली आहेत, त्यामुळे एकाच चष्म्यातून दोन्ही दिसतात. आकड्यांची शंका मात्र त्यानेही पुरती जात नाही.

‘मग शुद्ध मराठी लिहा’ हा उपदेश आम्ही आधीही ऐकला आहे. युनिकोडच्या आधीच्या काळात फाँटागणिक वेगळ्या संकेतांत मजकूर साठवला जाई, आणि एका संगणकावरचे पान दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हांची रांग दिसे. तेव्हाही काहीजण फाँट दुरुस्त करण्याऐवजी जोडाक्षरे कमी करा म्हणत होते. आकड्यांचा वाद तर त्याहून जुना. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमाने केंद्राच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय रूपाचे आकडे ठरवले, मराठी पुस्तके आपली देवनागरी आकडे छापत राहिली, आणि दोन्ही आजही एका पानावर नांदतात. साधनाची उणीव झाकायला भाषेला छाटणे ही आपली जुनी खोड आहे, आणि गृहस्थ तिचे नवे वारस. शिवाय छापून झालेले पत्रक आता शुद्ध मराठीत कोण लिहून देणार?

मग नवशिक्याने अपेक्षा काय ठेवावी? स्वच्छ छपाईचे, एका रकान्याचे पान दिवसाउजेडी, वरून सरळ टिपले, तर मराठी गद्य बऱ्यापैकी हाती लागते. दोन रकाने असतील तर एकेका रकान्याचा वेगळा फोटो काढावा, नाहीतर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला चिकटते. तपासताना मजकूर अर्थासाठी वाचू नये, कारण अर्थ लागला की डोळा चूक ओलांडून जातो. आधी नुसते आकडे, एकेक करून, चित्राशी ताडून. मग रोमन अक्षरे आणि त्यांना लागून आलेले प्रत्यय. रफार, अनुस्वार आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा र शेवटी, तो बऱ्याचदा ‘दुसर्या’ होऊन येतो, पण त्यात सहसा अर्थ बिघडत नाही आणि शोधून-बदलण्याच्या एका फेरीत, प्रत्येक जागा पाहून, काम उरकते.

हाताने टंकण्यापेक्षा यात वेळ वाचतो, हे मला मान्य आहे. गृहस्थांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी बटण दाबून झाले की अशा पत्रकातला औषधाचा रकाना बोट ठेवून वाचावा आणि मगच तो मजकूर गावात वाटावा.