सिरोसिसचं निदान झालं, पण फॅमिली डॉक्टरला पत्र कुठे आहे?

आमच्या मोर्शी-वरुड भागातले रुग्ण पोटविकारतज्ज्ञाला दाखवायला अमरावतीला किंवा नागपूरला जातात. परत येताना हातात जाडजूड फाईल असते. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, एण्डोस्कोपीचे रंगीत फोटो, औषधांची चिठ्ठी आणि शेवटी एक ओळ: 'एक महिन्याने दाखवणे'. हाच रुग्ण पुढची कित्येक वर्षं ताप, गुडघेदुखी आणि बीपीसाठी ज्या फॅमिली डॉक्टरकडे जाणार असतो, त्याच्या नावाने मात्र फाईलमध्ये काहीच नसतं. माझं स्पष्ट मत आहे की सिरोसिसचं पहिलं निदान झाल्यावर फॅमिली डॉक्टरला पत्र न लिहिणं म्हणजे उपचार अर्धवट सोडणं.

सिरोसिस म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. सततच्या इजेमुळे यकृत आतून कडक आणि गाठाळ होतं. त्यातून रक्त सहज पुढे जात नाही, मागे दाब वाढतो, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स कमी होतात. सुरुवातीला रुग्णाला काहीच त्रास नसतो. हा शांत काळ वर्षानुवर्षं टिकू शकतो. तो संपतो तेव्हा पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, कावीळ होते किंवा माणूस असंबद्ध बोलू लागतो. शांत काळ लांबवणं हेच सिरोसिसच्या उपचाराचं मुख्य काम आहे, आणि त्यातलं बरंचसं काम गावातल्या दवाखान्यात होतं.

अनेक रुग्णांच्या अनुभवावरून एक उदाहरण बेतून सांगतो. अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकू. वजन 60 किलो, पंधरा वर्षांपासून मधुमेह. दारूचा थेंबही कधी घेतला नाही. फॅटी लिव्हरकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं आणि आता सिरोसिस निघाला. पोटात पाणी नाही, शुद्ध व्यवस्थित. बिलिरुबिन 1.4, अल्ब्युमिन 3.3, आयएनआर 1.3, प्लेटलेट्स 92 हजार. एण्डोस्कोपीत मध्यम आकाराच्या फुगलेल्या शिरा दिसल्या. तज्ज्ञाने तपासणी उत्तम केली, निदान अचूक केलं. त्यानंतर काकूंच्या गावच्या डॉक्टरला त्याने लिहायला हवं होतं ते पत्र साधारण असं असतं:

'नमस्कार डॉक्टर. आपल्या रुग्णाला फॅटी लिव्हरमुळे सिरोसिस आहे. चाइल्ड-प्यू गुण 6, म्हणजे वर्ग ए.

1. कार्वेडिलॉल 6.25 मिलिग्रॅम रोज सुरू केलं आहे. आठवड्याने बीपी आणि नाडी पाहून 12.5 करावं. वरचं बीपी 90 च्या खाली किंवा नाडी 50 च्या खाली गेली तर थांबवून मला फोन करावा.

2. दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी. ती तिकडेच करून रिपोर्ट मला पाठवला तरी चालेल. नवी गाठ दिसली तर थांबू नये.

3. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक देऊ नये. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिवसाला एकूण 2 ग्रॅमपर्यंत चालेल. झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

4. वरण, दूध, अंडी बंद करू नयेत. प्रथिनं रोज 70 ग्रॅमच्या आसपास. रात्री झोपण्याआधी थोडं खाणं.

5. हिपॅटायटिस बीची लस सुरू केली आहे, पुढचे डोस आपल्याकडे.

6. रक्ताची उलटी, काळी शौच, पोट फुगणं, ताप किंवा वागण्यात बदल दिसला तर त्याच दिवशी पाठवावं.'

सहा मुद्दे, एक पान. हे पत्र नसलं तर काय होतं ते पाहा.

काकूंचे गुडघे दुखतात. घरच्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं की पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट. म्हणून ते बंद होतं आणि त्याऐवजी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतलं जातं. हे नेमकं उलटं आहे. सिरोसिसमध्ये किडनीचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लॅण्डिन नावाच्या द्रव्यांवर बराच अवलंबून असतो आणि ही वेदनाशामकं तीच द्रव्यं बंद करतात. क्रिएटिनिन वाढतं, पोटात पाणी साठू लागतं, शिवाय पोटातून रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. मोजून दिलेलं पॅरासिटामॉल त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. 'लिव्हर खराब आहे, पचणार नाही' म्हणून वरण, शेंगदाणे, अंडी बंद होतात आणि भातावर दिवस निघतो. सिरोसिसचं यकृत साखरेचा साठा नीट करू शकत नाही, म्हणून रात्रभराच्या उपाशीपणात शरीर स्नायू तोडून ऊर्जा मिळवतं. चार-सहा महिन्यांत दंड आणि मांड्या बारीक होतात. पुढे पोटात पाणी झालं तर मीठ कमी करावं लागेल. तेव्हा पापड, लोणचं, ठेच्यातलं मीठ मोजायचं. पण वरण बंद करायचं कारण तेव्हाही नसतं.

तिसरी गोष्ट सोनोग्राफीची. सिरोसिसच्या यकृतात कॅन्सरची गाठ होऊ शकते, आणि लहान असताना ती दुखत नाही. दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता किंवा जाळता येते. पोट दुखायला लागल्यावर सापडली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. सहा महिन्यांची तारीख रुग्ण विसरतो, तो बरा असतो ना! त्या तारखेची आठवण, शुगर तपासायला दर महिन्याला ज्याच्याकडे तो जातो, तोच डॉक्टर करून देऊ शकतो. पण त्याला ती तारीख कुणी सांगितलीच नाही तर?

तज्ज्ञ मंडळींचं म्हणणं मला ठाऊक आहे. पहिलं म्हणजे 'फाईलमध्ये सगळं आहे.' फाईलमध्ये काय आढळलं ते असतं. कुणी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे नसतं. दुसरं, 'ओपीडीत शंभर पेशंट, वेळ कुठे आहे?' वर्ग एच्या रुग्णांची पत्रं बरीचशी सारखीच असतात. एक नमुना तयार ठेवला तर पाच आकडे आणि दोन तारखा बदलायच्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलं तरी आम्हाला चालेल. तिसरं कुणी तोंडावर बोलत नाही: पत्र दिलं तर रुग्ण परत येणार नाही. अनुभव उलटा आहे. काळी शौच झाल्याच्या दिवशीच पाठवलेला रुग्ण वाचतो आणि तुमच्याकडेच येत राहतो. पत्राअभावी घरी थांबलेला येतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे: 'आम्ही लिहिलं तरी तिकडे वाचतं कोण?' वाचत नाहीत असे डॉक्टर आहेत. म्हणूनच पत्र एका पानाचं असावं आणि त्याची प्रत रुग्णाकडेही असावी. मग इंजेक्शन टोचण्याआधी काकूंचा मुलगा तरी तिसरा मुद्दा दाखवील.

वाचकहो, तुमच्या घरात कुणाला सिरोसिसचं निदान झालं असेल, तर तज्ज्ञाच्या खोलीतून उठण्यापूर्वी एवढं विचारा: 'पुढची सोनोग्राफी कोणत्या महिन्यात? कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत? काय झालं तर त्याच दिवशी यायचं? हे आमच्या डॉक्टरांच्या नावाने लिहून देता का?' संकोच करू नका, तपासणीची फी तुम्ही भरलेली आहे. ते पत्र फाईलमध्ये सगळ्यात वर लावा आणि सर्दीसाठी आमच्याकडे आलात तरी सोबत आणा.