भाव कमी करायचा की काम?

खेडमध्ये स्लॅबवर पत्र्याची शेड हवीच. पाऊस जवळ आला की आमच्या फॅब्रिकेशनच्या धंद्यात तेच काम जास्त येतं. यंदा कुवेतहून एका गिऱ्हाईकाचा फोन आला. हजार चौरस फूट शेडचं माझं कोटेशन होतं 2,40,000 रुपये. ते म्हणाले, "भाई, माझं बजेट एक लाख ऐंशीचंच आहे."

अशा वेळी सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे "चालेल, करून देतो". मग वरचे साठ हजार मालातून काढायचे. पाइप पातळ लावायचा, पत्रा 0.50 ऐवजी 0.35 मिलिमीटरचा टाकायचा. रंग मारल्यावर जाडी कोणाला दिसत नाही. दिसते ती एक-दोन पावसाळ्यांनी, वाऱ्याने स्क्रूभोवतीची भोकं मोठी झाली आणि तिथून गळायला लागलं की.

माझ्या मते ही घासाघीस नव्हे, मापात मारणं आहे. कुरआनची 83वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, घेताना पुरतं घेऊन देताना कमी देणाऱ्यांवरच आहे. तराजू दुकानदाराकडेच असतो असं थोडंच आहे?

मी आधी विचारलं, "एक ऐंशी एकूण आहेत की आत्ता हातात आहेत?" हा प्रश्न महत्त्वाचा. नुसतं "लास्ट किती?" विचारणारा बहुतेक भाव पाडून बघत असतो. खरंच अडचण असलेला माणूस "यातलं काय वगळता येईल?" असं बोलायला तयार होतो. हे तयार झाले.

मग कोटेशन तुकड्यातुकड्यांत मांडलं. बाजूच्या आडोशाचे पत्रे 25,000 आणि पन्हळ-पाइप 18,000. दोन्ही नंतर जोडता येतात, म्हणून वगळले. राहिले 1,97,000. खांब, कैच्या, पत्र्याची जाडी आणि गंजरोधक रंग यांना हात लावायचा नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. उरलेले सतरा हजार त्यांनी दोन महिन्यांनी द्यायचे ठरले. ते लिहून घेतलं. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हे सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहेच. कागदावर पाइप आणि पत्र्याची जाडीही घातली आणि गाडी उतरवताना भावाला वजनाची पावती बघायला सांगा, असं म्हटलं. पातळ पाइप वजनात पकडला जातो.

ते दीड लाखावर अडले असते तर मी सलाम करून काम सोडलं असतं. त्या पैशात शेड उभी राहते, पण वादळात टिकेल याची हमी मी देऊ शकत नाही.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणं आहे. काहीही न वगळता कोणी एकदम साठ हजार कमी केले, तर खूश होण्याआधी विचारा: कुठून कमी केलेत?