‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द अर्जातून काढा

रजेचा अर्ज आपण सगळे शाळेतच शिकलो. महोदय, विषय, वैयक्तिक कारणास्तव दोन दिवस रजा मंजूर करावी ही नम्र विनंती, आपला विश्वासू. कारण सांगायचं नसलं, किंवा सांगायला संकोच वाटला, की ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून मोकळं व्हायचं. गावाकडच्या नोकरीत या दोन शब्दांनी फारसं काही बिघडत नाही. किरकोळ रजेतून दिवस वजा होतो, संपलं. पण तुम्ही पिस्कॅटवेत एच-१बीवर असाल, आणि रजा सर्टिफिकेशनच्या परीक्षेसाठी मागत असाल, तर याच दोन शब्दांनी तुमचा पगार कापला जाऊ शकतो. आणि कापणाऱ्याच्या हातात तसं करायला कागदही तुम्हीच दिलेला असतो.

आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. पिस्कॅटवेत ऑफिस असलेल्या एका कन्सल्टिंग कंपनीच्या पगारावर त्या आहेत, काम मात्र दुसऱ्या क्लायंटकडे. आपल्याकडे अर्ध्या लोकांचं असंच असतं. क्लायंटचं कंत्राट नव्याने होणार होतं. टीममध्ये एडब्ल्यूएसचं प्रोफेशनल पातळीचं आर्किटेक्ट सर्टिफिकेशन असलेले दोघं हवेत, अशी क्लायंटची अट होती. कंपनीच्या मॅनेजरने ताईंना ईमेल केला की महिनाअखेरच्या आत परीक्षा द्या. ताईंनी तारीख घेतली आणि मंगळवारी अभ्यास, बुधवारी परीक्षा अशा दोन दिवसांची रजा कंपनीच्या पोर्टलवर टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं? पर्सनल.

परीक्षा पास झाल्या. पुढच्या पगाराची स्लिप आली तेव्हा ८०० डॉलर कमी. ताईंचा पगार वर्षाला १,०४,००० डॉलर, म्हणजे आठवड्याला २,००० आणि दिवसाला ४००. दोन दिवस बिनपगारी धरले होते. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, “तुम्हीच वैयक्तिक रजा मागितली होती, आणि तुमची पीटीओ शिल्लक नव्हती.” कागदावर बघितलं तर ते खोटं नव्हतं.

आता नियम काय म्हणतो ते बघा. एच-१बी कामगार कामाविना बसला, तरी त्याचं कारण नोकरीशी जोडलेलं असेल तर मालकाने ठरलेला पगार द्यायचा असतो. काम मिळालं नाही म्हणून बेंचवर बसवलं, परवाना हातात आला नाही म्हणून थांबवलं, तरी पगार चालू राहतो. केंद्रीय कामगार खात्याच्या एच-१बी माहितीपत्रकात याच यादीत परवान्याच्या परीक्षेचा अभ्यासही आहे. पगार थांबवायला जी मुभा आहे ती वेगळी आहे. कामगार नोकरीशी संबंध नसलेल्या कारणासाठी, स्वतःच्या इच्छेने आणि सोयीने कामापासून दूर गेला, तर पगार बंद करता येतो. कोणी अमेरिका फिरायला गेलं, कोणी आजारी नातेवाइकाची सेवा करायला थांबलं, असे ते प्रसंग.

म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येतो: हा दिवस कोणाच्या गरजेपोटी गेला? मालकाने परीक्षा द्यायला सांगितली असेल तर तो दिवस कामाच्या बाजूला पडतो. अर्जात ‘वैयक्तिक’ लिहिलं की तो तुमच्या इच्छेच्या आणि सोयीच्या बाजूला पडतो. ताईंनी खोटं काही लिहिलं नव्हतं. संकोचून खरं लिहायचं राहिलं, एवढंच.

एक मर्यादा इथेच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेशन हा सरकारी परवाना नाही. नर्सचा, फिजिओथेरपिस्टचा किंवा इंजिनिअरचा परवाना ज्या अर्थाने लागतो, तसं ते नाही. त्यामुळे माहितीपत्रकातलं वाक्य दाखवलं की झालं, असं होत नाही. इथे उपयोगी पडतो तो मॅनेजरचा ईमेल. परीक्षा मालकाच्या सांगण्यावरून दिली, हे त्यातून दिसतं.

आणि परीक्षा तुम्ही स्वतःहून, पुढच्या नोकरीची तयारी म्हणून देत असाल तर? मग हक्क म्हणून पगारी रजा मागता येत नाही. ना केंद्राचा कायदा ती देतो, ना न्यू जर्सीचा. कंपनीच्या हँडबुकमध्ये शिक्षणासाठी रजा लिहिली असेल तर तिचा आधार घ्या, नाहीतर पीटीओ वापरा. काही जण म्हणतात, “सिक लीव्ह टाकून दे ना, कोण बघतंय.” ते करू नका. न्यू जर्सीत २०१८ पासून दर ३० तासांच्या कामामागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत पगारी आजारपणाची रजा मिळते. ती तुमच्या-घरच्यांच्या आजारासाठी, मुलांच्या शाळेतल्या बैठकीसाठी वगैरे आहे. परीक्षा त्यात बसत नाही. आजारी आहे असं कळवलेल्या दिवशीच तुमच्या नावावर परीक्षा दिल्याची नोंद असते, आणि उद्या वाद झाला तर तोच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

स्वतःहून परीक्षा देणाऱ्यांसाठी मात्र एक वाट आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तुम्ही ओव्हरटाइम न मिळणाऱ्या, ठरलेल्या पगारावरच्या नोकरीत असाल, तर वैयक्तिक कामासाठी पूर्ण दिवस गैरहजर राहिल्यास त्या दिवसाचा पगार कापता येतो. पण अर्धा दिवस काम केलंत, तर उरलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कापता येत नाहीत. कंपनी फार तर तुमच्या पीटीओतून तेवढे तास वजा करू शकते. ताईंची परीक्षा १८० मिनिटांची होती. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना तिथे ३० मिनिटं जादा मिळतात, मात्र ती नोंदणी करण्याआधी मागून घ्यावी लागतात. साडेतीन तास धरा. सकाळी ९ची वेळ घेतली तर साडेबाराला सुटका होते आणि दुपारी काम करता येतं. तासावर पगार घेणाऱ्यांना हा नियम लागू नाही, हेही लक्षात ठेवा.

आता अर्ज कसा लिहायचा? तो इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

“विषय: कंपनीने सांगितलेल्या सर्टिफिकेशन परीक्षेसाठी पगारी वेळ मिळण्याबाबत.

आपण अमुक तारखेच्या ईमेलने मला महिनाअखेरीपूर्वी ही परीक्षा देण्यास सांगितले आहे. ईमेल सोबत जोडला आहे. त्यानुसार मी बुधवार, अमुक तारखेला सकाळी ९ची वेळ घेतली आहे. केंद्रावर जाण्यायेण्यासह मला साडेपाच तास लागतील. आदल्या मंगळवारी तयारीसाठी एक दिवस लागेल. हे दोन्ही दिवस नेहमीच्या पगारासह कामाचा वेळ म्हणून धरावेत, पीटीओतून वजा करू नयेत, ही विनंती. त्या दिवशीचे माझे काम अमुक सहकारी बघतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. परीक्षेची फी कंपनी भरणार की मी भरून परत मागायची, हेही कळवावे. तारीख बदलल्यास फी वाया जाऊ शकते, म्हणून या शुक्रवारपर्यंत ईमेलने उत्तर मिळावे.”

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. परीक्षा कोणी सांगितली, कधी सांगितली, ते तिथेच येऊ द्या. तोंडीच सांगितलं असेल तर आधी एक छोटा ईमेल करा: “आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी या परीक्षेची तारीख घेते आहे, बरोबर ना?” मॅनेजरचं “हो” आलं की तुमचा कागद तयार.

दुसरं म्हणजे अर्ज कोणाकडे जातो ते. क्लायंटचा मॅनेजर रोज समोर दिसतो, म्हणून आपण त्यालाच विचारतो आणि तो “शुअर” म्हणतो. पण तुमचा पगार तो देत नाही. तुमच्या पिटिशनवर ज्या कंपनीचं नाव आहे, तिच्या एचआरकडे अर्ज गेला पाहिजे. क्लायंटला फक्त गैरहजेरी कळवा. टाइमशीटवर तो दिवस रिकामा सोडू नका. बिलिंग झालं नाही म्हणून पगार नाही, हे उत्तर एच-१बीच्या नियमात बसत नाही, पण रिकामा रकाना तेच उत्तर द्यायला बोलावतो.

तिसरी गोष्ट आपल्या नम्रपणाची. अर्जाच्या शेवटी “पगारी शक्य नसल्यास बिनपगारीही चालेल” असं लिहू नका. मोठेपणा म्हणून आपण लिहून जातो, आणि समोरचा तेवढंच वाचतो. नकार द्यायचा असेल तर त्यांना देऊ दे, आणि लेखी देऊ दे.

ताईंचं पुढे काय झालं? त्यांनी मॅनेजरचा ईमेल जोडून नव्याने अर्ज केला. पहिल्या अर्जातलं कारण चुकून अर्धवट लिहिलं गेलं, असं स्पष्ट कळवलं. परीक्षेच्या दिवसाचे ४०० डॉलर पुढच्या पगारात परत आले. अभ्यासाच्या दिवसावर कंपनी अडली, कारण “अभ्यासाला दिवस घ्या” असं ईमेलमध्ये कुठे नव्हतं. शेवटी तो दिवस पुढे जमा होणाऱ्या पीटीओतून धरून भरून दिला. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. अर्ज आधीच नीट गेला असता तर मंगळवारचा निर्णयही परीक्षेआधीच झाला असता.

दोन दिवसांच्या पैशासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण मुदतवाढीच्या वेळी वकील पगाराच्या स्लिपा मागतो, आणि कमी पगाराची स्लिप दिसली की प्रश्न निघतात. तेव्हा उत्तर द्यायला हाच ईमेल लागतो. कंपनी ऐकतच नसेल तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ अर्जाने तक्रार करता येते. त्याला १२ महिन्यांची मुदत आहे. तक्रार केली म्हणून सूड उगवायला कायद्याने बंदी आहे. तरी भीती खरी आहे, मला माहीत आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात, आणि घरी शाळेत जाणारी पोरं असतात. म्हणूनच सांगतो, भांडण तक्रारीपर्यंत जायच्या आधी, अर्जाच्या पहिल्या वाक्यातच मिटवा. परीक्षा त्यांनी सांगितली असेल, तर त्यांनी सांगितली असं लिहा.