अंदाजाने बिनमध्ये टाकू नका

भिवंडीच्या कुरिअर हबमध्ये रात्री दोनला पट्ट्यावरून एक खोका येतो. लेबल ओलं, बारकोडवर आडवा-उभा काळा फराटा. स्कॅनर गप्प. पत्त्यात ‘वडगाव’ वाचता येतं, पिनकोडचे पहिले दोन आकडे ४१ दिसतात, पुढचे पुसलेले. आता तो कोणत्या बिनमध्ये टाकायचा?

तिसऱ्या आकड्यावर सगळं ठरतं. ४१२ असेल तर मावळातलं वडगाव, म्हणजे पुण्याची गाडी. ४१६ असेल तर पेठ वडगाव, म्हणजे कोल्हापूरची. गाडी सुटायला वीस मिनिटं उरलेली असतात, आणि तासाला किती स्कॅन केले यावर पट्ट्यावरच्या पोराची कामगिरी मोजली जाते. तो पुण्याच्या बिनमध्ये टाकून मोकळा होतो. चुकला, तर खोका पुणे बघून परत भिवंडीला येतो आणि मग कोल्हापूरला निघतो.

खरं तर अंदाजाची गरजच नसते. खोका सुटा येत नाही, सीलबंद गोणीतून येतो आणि गोणीतल्या प्रत्येक नगाचा नंबर मॅनिफेस्टवर असतो. समजा गोणीत ४० नग होते. बाकीचे स्कॅन झाले की यादीत जो एक उरला, तोच हा. दोन उरले तर काटा आहेच: यादीत एकाचं वजन सव्वा किलो, दुसऱ्याचं साडेचार, मग वाद कशाला? पत्ता सिस्टीममध्ये सापडतो, नवं लेबल निघतं. मात्र त्यासाठी नग बाजूला ठेवावा लागतो आणि तो कुठल्या गोणीतून निघाला हे त्यावर लगेच लिहावं लागतं. गोण्या एकमेकींत मिसळल्या की ही वाट बंद.

लेबल ओलं का झालं, हेही तिथेच बघायचं. बहुधा त्याच गोणीत तेलाची किंवा शाम्पूची बाटली फुटलेली असते. गळका नग आधी बाहेर काढायचा, नाहीतर तो आणखी दहा लेबलं खराब करतो. मग फोटो, वजन, नोंदलेल्या वजनाशी ताळा, आणि सुपरवायझरसमोर पुन्हा पॅकिंग. फाटक्या खोक्यावर नुसती टेप मारून पुढे ढकलणं म्हणजे वस्तू कुठे गेली याचा पुरावाच टेपखाली गाडणं. (टेप बारकोडवर आली तर तिच्या चकाकीनेही स्कॅनर अडतो.)

माझं म्हणणं हबच्या व्यवस्थापकांना आहे. न वाचता येणाऱ्या नगांवर गेलेला वेळ पोराच्या तासाच्या आकड्यातून वगळा. तो आकडा तसाच ठेवून ‘अंदाज करू नका’ अशी पाटी लावण्यात अर्थ नाही.

आणि पार्सल पाठवणाऱ्यांनो, लेबल खोक्याच्या जोडावर चिकटवू नका. पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका.