नरसाळ्याचा रिकामा कोपरा : '८९ अभ्यासांनी सिद्ध' म्हणजे नेमकं काय?

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला एका अकरा वर्षांच्या मुलाला त्याची आई आणि आजी माझ्याकडे घेऊन आल्या. छाती भात्यासारखी चालली होती. दम्याचा जुना पेशंट, रोजच्या पंपावर दीड वर्ष छान होता. नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन दिला, तासाभराने पोरगं जरा बोलायला लागलं. मग विचारलं, "पंप कधी बंद केला?" आई गप्प. आजीच म्हणाली, "दोन महिने झाले डॉक्टर. गोड गोळ्या चालू केल्यात. हिच्या मोबाईलवर आलं होतं, मोठ्या मासिकात सिद्ध झालंय म्हणून."

आईने तो मेसेज दाखवला. 'लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ८९ अभ्यासांचं मेटा-अॅनालिसिस. होमिओपॅथी साध्या साखरेच्या गोळीपेक्षा २.४५ पट प्रभावी!'

मुलगा बरा आहे, पंप पुन्हा सुरू आहे. त्या आईवर माझा राग नाही. माझा राग आहे तो अर्धं वाक्य कापून पुढे पाठवणाऱ्यांवर. कारण मेसेजमधला एकही आकडा खोटा नाही. आकडे खरे असूनही माणूस कसा फसतो, ते आज सांगतो.

तो अभ्यास खरा आहे

१९९७ साली जर्मनीतले क्लाउस लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लॅन्सेटमध्ये छापला. मेटा-अॅनालिसिस म्हणजे एकाच प्रश्नावरचे वेगवेगळ्या ठिकाणी झालेले अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्र हिशेब मांडणं. त्यांना ८९ अभ्यासांत हिशेबाला पुरेसे आकडे मिळाले. एकत्रित उत्तर आलं २.४५. इथे १ आला असता तर गोळी आणि साखर सारखीच, १ च्या वर गेला तर गोळीच्या बाजूने. (हा आकडा 'ऑड्स रेशो'चा आहे. त्याचा अर्थ 'अडीचपट लोक बरे झाले' असा होत नाही, पण ते तूर्त बाजूला ठेवू.)

मेसेज इथे संपतो. लेख मात्र इथे संपत नाही. त्याच लेखात लेखकांनी एक चित्र काढलं होतं, फनेल प्लॉट. फनेल म्हणजे नरसाळं, आपल्या मोऱ्याच्या धक्क्यावर होडीत डिझेल ओततात तेच.

चित्र कसं वाचायचं

चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक अभ्यास. ठिपका जितका उजवीकडे, तितका औषधाचा फायदा जास्त दिसला. ठिपका जितका वर, तितका अभ्यास मोठा, म्हणजे माणसं जास्त.

आता एक नाणं घ्या. दहा वेळा उडवलं तर सात वेळा छाप पडणं काही नवल नाही. हजार वेळा उडवून सातशे छाप मात्र पडणार नाहीत. थोड्या माणसांवरच्या अभ्यासाचं तसंच असतं. नशिबाने उत्तर इकडे-तिकडे बरंच भरकटतं. मोठा अभ्यास खऱ्या उत्तराजवळ राहतो. म्हणून सगळे अभ्यास प्रामाणिकपणे मांडले, तर वर थोडे ठिपके मधोमध आणि खाली पुष्कळ ठिपके दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले दिसतात. उलटं धरलेलं नरसाळं.

आता समजा गल्लीतल्या वीस जणांना मी सांगितलं, प्रत्येकाने नाणं दहादा उडवा, आणि ज्यांना सात किंवा जास्त छाप पडले त्यांनीच चिठ्ठी आणून द्या. नाणं अगदी साधं असूनही वीसांतल्या तीन-चार जणांना एवढे छाप पडतीलच. माझ्या हातात फक्त त्यांच्या चिठ्ठ्या येतील, आणि मी जाहीर करीन की या नाण्याला सत्तर टक्क्यांहून जास्त छाप पडतात! एकही चिठ्ठी खोटी नाही. न आलेल्या सोळा चिठ्ठ्यांनी घात केला.

औषधांच्या अभ्यासात हेच होतं. वीस-तीस पेशंटांवर अभ्यास केला, काही फरक दिसला नाही, की करणाऱ्याचा उत्साह मावळतो, संपादकालाही त्यात बातमी दिसत नाही, आणि कागद कपाटात जातात. मोठ्या अभ्यासावर इतका पैसा आणि इतकी माणसं लागलेली असतात की तो सहसा दडत नाही. म्हणून नरसाळ्याचा खालचा डावा कोपरा रिकामा होतो. तिथे असायला हवे होते ते छोटे, 'काही उपयोग नाही' म्हणणारे अभ्यास. यालाच प्रकाशनाचा पक्षपात म्हणतात.

लिंडे यांच्या चित्रात हा लंगडेपणा होता. त्यांनी तो लपवला नाही. न छापलेल्या अभ्यासांचा अंदाज धरून हिशेब पुन्हा केला, तेव्हा २.४५ चा आकडा १.७८ वर आला, आणि त्याच्या अनिश्चिततेचा पट्टा १.०३ पासून ३.१० पर्यंत. म्हणजे पट्ट्याचं खालचं टोक 'काहीच फरक नाही'ला जवळजवळ टेकलेलं.

पुढे निष्कर्षात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे सगळं केवळ साखरेच्या गोळीच्या परिणामाने समजावता येत नाही. दोन, कोणत्याही एका आजारासाठी होमिओपॅथी स्पष्टपणे उपयोगी आहे याला पुरेसा पुरावा नाही. मेसेजवाल्यांनी पहिली गोष्ट ठेवली आणि दुसरी कापली. दम्याच्या मुलासाठी नेमकी दुसरीच कामाची होती! १९९९ मध्ये त्याच गटाने तेच अभ्यास गुणवत्तेप्रमाणे पुन्हा तपासले आणि लिहिलं की अभ्यास जितका काटेकोर तितका फायदा कमी दिसतो, आणि आपल्या १९९७ च्या उत्तरात फायदा फुगलेला होता. हा मेसेज कुणी पाठवत नाही.

"डॉक्टर, तुमच्या औषधांचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर टाळणारा डॉक्टर तुम्हाला फसवतोय असं समजा. २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातून शांग, एगर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच पाहिलं. होमिओपॅथीचे ११० अभ्यास आणि त्यांच्या जोडीला तशाच आजारांवरचे आमच्या औषधांचे ११० अभ्यास. नरसाळं दोन्हीकडे लंगडं निघालं. दोन्हीकडे छोटे आणि ढिसाळ अभ्यास जास्त फायदा दाखवत होते. मग त्यांनी फक्त मोठे आणि काटेकोर अभ्यास बाजूला काढले. होमिओपॅथीचे ८ उरले, आमचे ६. इथे मोजणी उलटी आहे, १ च्या खाली म्हणजे फायदा. होमिओपॅथीचा आकडा ०.८८, पट्टा ०.६५ ते १.१९. पट्ट्यात १ सामावलेला, म्हणजे फरक नक्की म्हणता येत नाही. आमच्या औषधांचा ०.५८, पट्टा ०.३९ ते ०.८५. पूर्ण पट्टा १ च्या खाली.

आमची औषधं पवित्र आहेत असं यातून निघत नाही. कोपरा आमच्याकडेही रिकामा होता. पण भुसा पाखडल्यावर एका सुपात दाणे उरले आणि दुसऱ्यात उरले की नाही ते सांगता आलं नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली, तीही सांगतो. मोठे ८ न घेता काटेकोर असलेले सगळे २१ अभ्यास घेतले, तर होमिओपॅथीच्या बाजूने किंचित फायदा दिसतो, असं २००८ मध्ये इतरांनी दाखवलं. हिशेब बरोबर आहे. पण त्यातून काय निघतं? छोटे अभ्यास आत घेतले की फायदा दिसतो, मोठ्यांपुरतं पाहिलं की विरतो. नरसाळं हेच तर सांगत होतं.

चित्राच्याही मर्यादा आहेत

फनेल प्लॉट म्हणजे एक्स-रे नव्हे. कोपरा रिकामा दिसला म्हणजे कुणीतरी कागद दडवलेच, असं सिद्ध होत नाही. छोटे अभ्यास ढिसाळ असले तरी तसंच दिसतं. छोट्या अभ्यासांत जास्त आजारी, म्हणून जास्त फायदा होणारे पेशंट घेतले असले तरी तसंच. दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर त्या चित्रातून अर्थ काढूच नये. आणि नुसत्या डोळ्यांवर तर अजिबात विसंबू नये. २००५ मध्ये ४१ वैद्यकीय संशोधकांना अशी चित्रं दाखवून पक्षपात आहे की नाही ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं आली सुमारे ५३ टक्के, छापा-काटा केल्यासारखी.

म्हणून पक्का पुरावा हवा असेल तर कपाटच उघडावं लागतं. ते आता थोडंफार शक्य आहे, कारण अभ्यास सुरू करण्याआधी त्याची जाहीर नोंद करण्याची पद्धत आली आहे. आपल्याकडे ही नोंदवही २००७ पासून आहे, ctri.nic.in या पत्त्यावर, आणि कुणालाही पाहता येते. २०२२ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी होमिओपॅथीच्या अशा जगभरच्या नोंदी तपासल्या. २००२ पासून नोंदलेल्यांपैकी जवळजवळ ३८ टक्के अभ्यास छापलेच गेले नव्हते. जे छापले गेले त्यांतल्या ५३ टक्क्यांची नोंद कुठेच नव्हती. नोंद नसलेल्या अभ्यासांत फायदा मोठा दिसत होता, नोंद असलेल्यांत फारच कमी. इथे अंदाज उरत नाही. गैरहजर चिठ्ठ्या मोजलेल्या आहेत.

तुम्ही काय करायचं

'अमुक इतक्या अभ्यासांनी सिद्ध' असा मेसेज आला की पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. त्यांतले मोठे अभ्यास वेगळे काढले तर काय उत्तर येतं? न छापलेल्या अभ्यासांबद्दल लेखकांनी चर्चेच्या भागात काय लिहिलंय? आणि निष्कर्ष माझ्या आजाराबद्दल आहे का, की ८९ वेगवेगळ्या अभ्यासांची खिचडी आहे? हेच प्रश्न मी लिहून दिलेल्या औषधाबद्दलही विचारा. मला राग येणार नाही. उत्तर माहीत नसेल तर वाचून सांगेन.

गोड गोळ्या घ्यायच्या असतील तर तुमची मर्जी. पण त्यांच्यासाठी दम्याचा पंप, फिटची गोळी, इन्सुलिन, टीबीचं औषध यांपैकी काहीही मला न विचारता बंद करू नका. त्या रात्री पोरगं वेळेत आलं. शेवटची लाँच कधीच गेली होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. अजून तासभर उशीर झाला असता, तर त्या ८९ अभ्यासांचा मला काही उपयोग झाला नसता.