विश्लेषण : एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले… बँकेचे उत्तर कसे वाचावे?

एटीएममध्ये कार्ड घातले, रक्कम टाकली, यंत्राने आवाज केला आणि नोटा आल्याच नाहीत. मोबाइलवर मात्र पैसे वजा झाल्याचा संदेश आला. तक्रार केल्यावर काही दिवसांनी बँकेचे उत्तर येते : ‘आमच्या नोंदींनुसार व्यवहार यशस्वी आहे. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’ बहुतेक ग्राहक इथेच थांबतात. मात्र या दोन वाक्यांत नेमके काय नाही, हे ओळखता आले तर अडकलेली रक्कम आणि तिच्यावरची भरपाई, दोन्ही मिळू शकतात.

पैसे नेमके कुठे अडकतात?

तुमचे खाते एका बँकेत आणि एटीएम दुसऱ्या बँकेचे असेल, तर पैसे काढण्याची विनंती एटीएमच्या बँकेकडून ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन’च्या जाळ्यामार्फत तुमच्या बँकेकडे जाते. तुमची बँक शिल्लक तपासते, रक्कम वजा करते आणि होकार कळवते. त्यानंतर यंत्र नोटा मोजून बाहेर देते. म्हणजे खात्यातून पैसे आधी जातात, नोटा नंतर येतात. या दोन क्षणांच्या मधे नोट अडकली, वीज गेली किंवा संपर्क तुटला, की गडबड होते. अशा वेळी एटीएमने ‘व्यवहार उलटवा’ असा संदेश पाठवायचा असतो. तो पोहोचला तर पैसे काही मिनिटांत परत येतात. पण संपर्कच तुटला असेल तर तो संदेशही पोहोचत नाही आणि तुमच्या बँकेच्या नोंदीत व्यवहार ‘यशस्वी’ राहतो.

मग खरे-खोटे कसे ठरते?

दोन गोष्टींवरून. पहिली, एटीएमची स्वतःची नोंदवही, जिला ‘इलेक्ट्रॉनिक जर्नल’ म्हणतात. किती नोटा मोजल्या, त्या बाहेर दिल्या का, बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला, हे त्यात क्रमाने नोंदलेले असते. दुसरी, रोकड ताळेबंद. नोटा बाहेर आल्याच नसतील, तर यंत्रातील पेट्या मोजताना हिशेबापेक्षा तेवढी रक्कम जास्त सापडते. तुमच्या बँकेने एटीएमच्या बँकेकडे रक्कम परत मागितली, की ती बँक एक तर दावा मान्य करते किंवा जर्नलचा पुरावा देऊन नाकारते. म्हणून ‘आमच्या नोंदींनुसार’ हे शब्द अपुरे आहेत. नोंदी कोणाच्या? खात्याच्या की यंत्राच्या? खात्याची नोंद फक्त पैसे वजा झाल्याचे सांगते, आणि ते तर ग्राहकही सांगतोच आहे.

नियम काय आहे?

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, नोटा न मिळता पैसे वजा झाले असतील तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली पाहिजे. हे दिवस दिनदर्शिकेचे आहेत, सुट्ट्या वगळून मोजायचे नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून जमा करायची आहे. एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार तुमचे खाते असलेल्या बँकेकडेच करायची.

चांगले उत्तर कसे दिसते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका ग्राहकाने ३ मार्चला दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १० हजार रुपये काढण्याचा प्रयत्न केला. पैसे वजा झाले, नोटा आल्या नाहीत. शिल्लक कमी पडल्याने ५ मार्चचा कर्जाचा हप्ता परत गेला आणि त्याचे शुल्कही कापले गेले. ६ मार्चला तक्रार झाली. बँकेचे उत्तर असे असायला हवे :

‘आपली ६ मार्चची तक्रार मिळाली. ३ मार्च रोजी आपल्या खात्यातून १०,००० रुपये वजा झाले, परंतु नोटा मिळाल्या नाहीत, हे आपले म्हणणे तपासाअंती खरे आढळले आहे. नोटा मोजल्या जात असताना यंत्रात अडकल्या आणि त्याच वेळी संपर्क तुटल्याने व्यवहार उलटवण्याचा संदेश आमच्यापर्यंत आला नाही. एटीएमच्या बँकेने रोकड मोजणीत तेवढीच रक्कम जास्त असल्याचे कळवले आहे. १०,००० रुपये २० मार्च रोजी आपल्या खात्यात जमा केले आहेत. मुदत ८ मार्चला संपली होती. त्यापुढील १२ दिवसांच्या विलंबाची १,२०० रुपये भरपाई त्याच दिवशी स्वतंत्र नोंदीने जमा केली आहे. या रकमेअभावी ५ मार्चचा हप्ता परत गेल्याने आकारलेले शुल्कही परत केले आहे. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

यात काय घडले ते मान्य केले आहे, कारण सांगितले आहे आणि उपाय तारीख-रकमेसह दिला आहे. दिलगिरी शेवटी आली आहे, आणि तीही हिशेब पूर्ण झाल्यावर. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, रक्कम लवकरच जमा होईल’ या उत्तरात नेमके उलटे असते. दिलगिरी असते, पण कारण नसते आणि तारीखही नसते. शिवाय अनेकदा मूळ रक्कम परत येते, भरपाई मात्र येत नाही. ती तपासायची तर खात्याच्या उताऱ्यात दोन वेगळ्या जमा नोंदी आहेत का, ते पाहावे.

उत्तर नकारार्थी आले तर?

बँकेला पुन्हा लेखी विचारावे : या व्यवहाराचे जर्नल आणि त्या दिवसाचा रोकड ताळेबंद तपासला का? त्यात काय आढळले? एटीएममधील कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवण्याची विनंती तक्रारीच्या पहिल्याच दिवशी करावी, कारण ते कायम साठवले जात नाही. व्यवहाराची पावती, संदेश आणि तक्रार क्रमांक जपावा.

मोठ्या बँकांना तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळण्यापूर्वी ती आपल्या अंतर्गत लोकपालाकडे पाठवावी लागते. नकाराच्या उत्तरात त्याचा उल्लेख नसेल, तर तेही विचारावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे तक्रार केलेली नसेल, तर मात्र लोकपाल ती घेत नाही.

मर्यादा कोणती?

ही भरपाई ग्राहकाचा दोष नसलेल्या फसलेल्या व्यवहारालाच आहे. जर्नलमध्ये नोटा बाहेर दिल्याची नोंद असेल आणि रोकडही जुळत असेल, तर बँकेचा नकार टिकू शकतो. पण तेव्हाही कोणत्या नोंदीच्या आधारे नकार दिला, हे त्या उत्तरातच लिहिलेले असले पाहिजे.