ब्लिचिंगवर ॲसिड ओतू नका!

शहागंजकरांनो, सणाची साफसफाई काढण्याआधी एवढं वाचा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बोअर नि टँकरवर घरं चालतात. बोअरच्या पाण्यातले क्षार कमोडच्या कडेखाली, पाणी सुटतं त्या भोकांभोवती साचतात. त्यात लघवीचे क्षार मिसळले की पिवळा, खरखरीत थर धरतो. घासून तो निघत नाही, मग हात ब्लिचिंग पावडरकडे जातो. तिने रंग तेवढा उतरतो, थर जागचा हलत नाही. माणूस वैतागतो आणि त्यावरच ॲसिड ओततो.

थांबा! त्याच क्षणी क्लोरीन वायू सुटतो. तो हवेहून सुमारे अडीच पट जड, म्हणून खालीच कोंडतो. तुम्ही वाकून घासत असता, दाराशी लेकरू खेळत असतं. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्येही ॲसिडच असतं, हेही विसरू नका.

तुम्ही हे टाळू शकता. किराणा दुकानातून लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड आणा. मात्र गेल्या एक-दोन दिवसांत ब्लिचिंग टाकलं असेल, तर आधी चार-पाचदा फ्लश करा आणि एक दिवस जाऊ द्या. लिंबूसत्वालाही ब्लिचिंग चालत नाही.

मग खिडकी उघडा, हातमोजे घाला, टाकीचा कॉक बंद करून फ्लश करा. लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. उकळतं पाणी नको, भांडं तडकतं. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून कडेखाली दाबून बसवा. रात्रभर राहू द्या. बारीक बुडबुडे दिसले तर समजा, क्षार विरघळतोय. सकाळी पट्ट्या काढा, जुन्या टूथब्रशने भोकं घासा. कडेखाली छोटा आरसा धरून बघा. थर उरला असेल तर पुन्हा पट्ट्या लावा. तारेची घासणी मात्र वापरू नका. चकाकी खरवडली की क्षार आणखी घट्ट बसतो. आणि चकाकीच झिजली असेल, तर थोडा पिवळेपणा राहील. राहू द्या! त्यापायी कोणाची छाती पणाला लावायची नाही.

तरीही कधी डोळे चुरचुरले, ठसका लागला, तर झाकण लावायलाही थांबू नका. बाहेर पळा, लेकरांना बाहेर काढा, दार उघडं ठेवा. परत आत जाऊ नका. डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. धाप लागली तर 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण फुफ्फुसाचा त्रास काही तासांनीही उफाळतो.

घरी संडास धुवायला मावशी येत असतील, तर त्यांना आजच सांगा. ॲसिडची बाटली त्यांच्या हाती देऊ नका, लिंबूसत्वाची पुडी द्या. थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं सुटं ॲसिड मोरीत असेल, तर ते मुलांच्या हाती लागू नये म्हणून आत्ताच कुलपात ठेवा. बाटलीवर नाव लिहा.